‘एल’चा एक होतो तेव्हा
रक्ताच्या रिपोर्टच्या फोटोतून तक्ता करताना आकडे कुठे बिघडतात आणि ते कसं ओळखायचं

घरात कुणाला मधुमेह, थायरॉइड किंवा रक्तक्षय असला की वर्षभरात लॅबच्या रिपोर्टांची चळत जमते. त्यातले काही कागद फाइलला लागतात, बाकीचे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो होऊन पडून राहतात. डॉक्टर विचारतात, “मागच्या वेळी हिमोग्लोबिन किती होतं?” आणि मग गॅलरीत शोधाशोध सुरू होते. यावरचा उपाय म्हणून घरातलं कुणीतरी हे सगळे आकडे एका तक्त्यात उतरवायला घेतं. फोटोतली अक्षरं ओळखणारी सोय आता फोनमध्येच असते, त्यामुळे काम सोपं वाटतं. तपासणीचं नाव, आकडा, एकक आणि नॉर्मल रेंज असे चार रकाने भरले की झालं.

पण रिपोर्टवर आणखी एक बारीकशी गोष्ट छापलेली असते. आकडा रेंजच्या वर गेला असेल तर ‘एच’, खाली असेल तर ‘एल’. काही लॅब बाण काढतात, काही चांदणी देतात, काही नुसताच आकडा ठळक किंवा लाल करतात. फोटोतून तक्ता करताना सगळ्यात आधी हरवते ती ही खूण. ती जपली, तर बाकीच्या रकान्यांतल्या चुका पकडायला तिचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.

समजा, एका बाईंचा सीबीसीचा रिपोर्ट आहे. त्यातल्या काही ओळी नीट उतरवल्या तर तक्ता असा दिसेल:

```
test_name,result,flag,unit,ref_range
Hemoglobin,10.2,L,g/dL,12.0 - 15.0
RBC Count,4.38,,million/cumm,3.8 - 4.8
PCV,32.4,L,%,36 - 46
MCV,74.0,L,fL,83 - 101
MCH,23.3,L,pg,27 - 32
MCHC,31.5,L,g/dL,31.5 - 34.5
Platelet Count,4.62,H,lakh/cumm,1.5 - 4.1
```

खुणेला स्वतःचा रकाना दिला आहे आणि जिथे कागदावर खूण नाही तिथे तो रिकामा सोडला आहे. आता हा तक्ता कुठे कुठे बिघडू शकतो ते पाहू.

दोन अंशांचा तिरकेपणा

अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर प्रत्येक शब्द वाचतं आणि तो कागदावर कुठे आहे, डावीकडून किती आणि वरून किती, हेही नोंदवतं. ज्या शब्दांची उंची सारखी, ते एका ओळीतले असं धरून रांग लावली जाते. फोटो सरळ असेल तर यात अडचण नाही. पण ए-४ कागदावरचा तक्ता साधारण १८० मिलिमीटर रुंद असतो. फोन नुसता दोन अंश तिरका धरला, तर डाव्या टोकाची ओळ उजव्या टोकाला पोहोचेपर्यंत सहा मिलिमीटरहून जास्त सरकते. रिपोर्टमधल्या दोन ओळींतलं अंतर बऱ्याचदा पाच-सहा मिलिमीटरच असतं. म्हणजे रांग अख्खी एक ओळ चुकू शकते आणि हिमोग्लोबिनच्या १०.२ पुढे शेजारच्या आरबीसीची ३.८ ते ४.८ ही रेंज येऊन बसते.

अशा वेळी प्रत्येक आकडा अचूक वाचलेला असतो, चुकलेली असते ती जोडी. आकड्यांकडे कितीही निरखून पाहिलं तरी ही चूक दिसत नाही. खुणेकडे पाहिलं की लगेच दिसते. १०.२ हा ४.८ पेक्षा मोठा, म्हणजे ‘एच’ हवा होता. कागदावर तर ‘एल’ आहे.

म्हणून वाचायच्या आधी फोटो सरळ करून घ्यावा. तक्त्याच्या छापील आडव्या रेषा यासाठी चांगला आधार देतात. कागद घडी पडून फुगला असेल तर नुसतं फिरवून भागत नाही, कारण वरच्या आणि खालच्या ओळींचा तिरकेपणा वेगवेगळा असतो. तो कागद सपाट करून पुन्हा फोटो काढणं हेच कमी कष्टाचं. फोन बरोबर वरून धरावा, उजेड खिडकीचा असावा, फ्लॅश बंद ठेवावा. फोटो रंगीत ठेवावा, कारण स्कॅनिंग अ‍ॅपच्या काळ्या-पांढऱ्या फिल्टरमध्ये लाल आकड्याचा लालपणा जातो आणि त्याबरोबर खूणही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि पहिला बळी दशांशचिन्हाचा जातो.

चिकटलेली खूण

बऱ्याच रिपोर्टांत खूण आकड्याला लागूनच छापलेली असते. फोटो थोडा अस्पष्ट असला की `10.2 L` हे `10.21` असं वाचलं जातं, म्हणजे ‘एल’चा एक होतो. आकडा बदलला आणि खूणही गेली, तरी तक्त्यात काही विचित्र दिसत नाही, कारण हिमोग्लोबिन १०.२१ असायला हरकत कसली? इथे दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, दशांश स्थळं. एखाद्या लॅबच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन नेहमी एकाच दशांश स्थळापर्यंत येत असेल, तर दोन स्थळं दिसताच थांबावं. दुसरी, रेंज. १०.२१ हा आकडा १२ च्या खाली आहे, मग तक्त्यात खूण कशी नाही?

या दुसऱ्या प्रश्नासाठी तक्त्यात आणखी एक तात्पुरता रकाना करावा. त्यात आकडा आणि रेंज यांवरून आपण काढलेली खूण लिहावी आणि छापील खुणेशी ताडून पाहावी. दोन्ही जुळल्या तर पुढे जावं. जुळल्या नाहीत, तर फोटोतली ती ओळ मोठी करून पाहावी. दशांशचिन्ह गळून १०.२ चे १०२ झाले असतील, तर आपण काढलेली खूण ‘एच’ येईल आणि छापील ‘एल’ असेल, म्हणजे चूक तिथेच सापडेल.

आकडेच एकमेकांची साक्ष देतात

प्रत्येक चूक खुणेतून सापडेलच असं नाही. आरबीसीचे ४.३८ हे ४.३३ असे वाचले गेले, तर दोन्ही आकडे रेंजमध्येच बसतात; खूण आधीही नव्हती, आताही नाही. इथे सीबीसीची एक सोय कामी येते. यातले काही आकडे एकमेकांशी गणिताने बांधलेले असतात. पीसीव्हीला आरबीसीने भागून दहाने गुणलं की एमसीव्ही येतो. हिमोग्लोबिनला आरबीसीने भागून दहाने गुणलं की एमसीएच येतो.

आपल्या रिपोर्टमध्ये ३२.४ भागिले ४.३८ गुणिले १० म्हणजे ७४.०, छापील एमसीव्हीही तोच. ४.३३ धरले तर उत्तर ७४.८ येतं. छापताना आकडे पूर्णांकित केल्यामुळे इथे फार तर ०.२ चा फरक पडेल, ०.८ चा नाही. एमसीएचही २३.३ ऐवजी २३.६ येतो. दोन्ही गणितं बिघडली आणि दोन्हींत आरबीसी आहे, म्हणजे तोच आकडा चुकला.

उलट, मघाचा १०.२१ या गणितातून अलगद निसटतो, कारण १०.२१ धरूनही एमसीएच २३.३ च येतो. म्हणून गणित आणि खूण या दोन्ही चाळण्या लावाव्या लागतात. असे बांधलेले आकडे इतर रिपोर्टांतही असतात. पांढऱ्या पेशींच्या पाच प्रकारांच्या टक्क्यांची बेरीज शंभर येते. डायरेक्ट आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन मिळून टोटल होतं.

खूण लॅबची, ती बदलू नये

आता एमसीएचसीची ओळ पाहा. आकडा ३१.५, रेंज ३१.५ ते ३४.५, तरी पुढे ‘एल’. आपल्या हिशेबाने आकडा रेंजच्या काठावर, पण आतच आहे. मग ही छपाईची चूक समजून ‘एल’ काढून टाकायचा का?

काढू नये. एमसीएचसी म्हणजे हिमोग्लोबिनला पीसीव्हीने भागून शंभराने गुणलेला आकडा. १०.२ भागिले ३२.४ गुणिले १०० केले की ३१.४८ येतात. लॅबच्या संगणकाने खूण बहुधा या पूर्ण आकड्यावरून ठरवली आणि छापताना तो ३१.५ केला. दोन खुणा जुळल्या नाहीत म्हणजे वाचण्यात चूक झालीच असं नाही. पुन्हा कागद पाहायला हवा एवढंच त्यातून कळतं. कागदावर ‘एल’ असेल तर तक्त्यातही ‘एल’ राहावा. आपण काढलेली खूण ताळ्यासाठी असते, छापील खुणेच्या जागी लिहायला नव्हे.

रेंजचंही तसंच. ती इंटरनेटवरून किंवा दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टवरून घेऊ नये. हिमोग्लोबिन १२.४ असेल तर बाईंच्या १२ ते १५ या रेंजमध्ये ते बसतं, पुरुषांच्या १३ ते १७ मध्ये नाही. लॅबची पद्धत आणि यंत्र बदललं की काही तपासण्यांची रेंजही बदलते. एकक जसं छापलंय तसंच ठेवावं. ४.६२ लाख, ४,६२,००० आणि ४६२ हजार हे प्लेटलेट एकच आहेत, पण रूपांतर करायचं तर वेगळ्या रकान्यात. आणि `10³/µL` मधला वर चढवलेला ३ फोटोत खाली उतरून `103/µL` होतो, तिकडे लक्ष असावं.

एक्सेलचा आगाऊपणा

लघवीच्या रिपोर्टमध्ये पस सेल्ससमोर ‘२-३’ असा निकाल असतो. इथे निकालच रेंजसारखा दिसतो, त्यामुळे तो चुकून रेंजच्या रकान्यात जातो. त्यातून वाचला तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. ७४.० चा शेवटचा शून्यही एक्सेल खातं, आणि दशांश स्थळं मोजण्याची आपली खूणगाठ जाते. म्हणून आकडे टाकण्यापूर्वीच सगळे रकाने ‘टेक्स्ट’ करून ठेवावेत. ‘नॉन रिअ‍ॅक्टिव्ह’ किंवा ‘<०.०१’ असे निकालही मग जसेच्या तसे राहतात. एचबीए१सीसारख्या तपासणीत रेंजच्या जागी तीन-चार ओळींचा मजकूर असतो: ५.७ च्या खाली सामान्य, ५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व, ६.५ पासून पुढे मधुमेह. तो ओढूनताणून दोन आकड्यांत बसवू नये; अख्खा मजकूर एकाच घरात ठेवावा. नावाखाली बारीक अक्षरांत छापलेलं तपासणीच्या पद्धतीचं नाव मात्र स्वतंत्र ओळ होऊ देऊ नये.

प्रत्येक ओळीला लॅबचं नाव आणि नमुना घेतल्याची तारीख जोडावी. रिपोर्ट छापल्याची तारीख वेगळी असू शकते. एवढं करूनही एखादा आकडा वाचताच आला नाही, तर अंदाजाने भरू नये. घर रिकामं सोडून शेजारी ‘अस्पष्ट’ लिहावं आणि मूळ फोटो तक्त्याबरोबर जपून ठेवावा. रिकामं घर दिसलं तर डॉक्टर कागद मागतील किंवा तपासणी पुन्हा करायला सांगतील. अंदाजाने भरलेल्या आकड्याबद्दल मात्र कुणी काही विचारणार नाही. तो खरा धरूनच गोळीचा डोस ठरेल.