एकरी नफा दुप्पट कसा झाला?

एका शेतकऱ्याने सोयाबीनचा हिशेब दाखवला. खर्च ६० हजार, २४ क्विंटल माल ४ हजारांनी विकून ९६ हजार आले, म्हणजे नफा ३६ हजार. त्याला दीडने भागून त्याने एकरी २४ हजार लिहिले होते.

सातबाऱ्यावर क्षेत्र होतं १.२०. ते त्याने ‘एक एकर वीस गुंठे’ असं वाचलं. पण सातबारा हेक्टर-आर मध्ये बोलतो. हे एक हेक्टर वीस आर. हेक्टर म्हणजे १०० आर, साधारण २.४७ एकर. एकर म्हणजे ४० गुंठे. गुंठा आणि आर जवळपास सारखेच, घोळ तिथूनच सुरू होतो. १.२० ला २.४७ ने गुणलं की २.९६ एकर येतात. खरा नफा एकरी १२ हजारांच्या आसपास!

मला शंका आली ती बियाण्यावरून. पावती ९० किलोची, म्हणजे दीड एकराला एकरी ६० किलो. सोयाबीनला तर ३० किलो पुरतं. उताराही १६ क्विंटल दिसत होता, खरा निघाला आठ.

खर्चात घरच्यांची मजुरी मात्र अजून धरलेलीच नव्हती.