ट्रक वेळेवर सुटला, तो कुणामुळे?

30 जून 2017च्या मध्यरात्री जीएसटी लागू झाला. कारखान्यांच्या दृष्टीने प्रश्न साधा होता: सकाळी गेटवरून माल बाहेर काढायला नव्या पद्धतीचं बिल छापलं जाईल का? बिल नाही तर गाडी नाही.

समजा, चाकणमधल्या सुट्या भागांच्या एका कंपनीत बिलिंगची यंत्रणा रातोरात बदलायची होती आणि ती बदलली गेली. सोमवारी साहेबांचा मेल आला: ‘संपूर्ण टीमचे हार्दिक अभिनंदन! आपण सर्वांनी अथक परिश्रम घेतले.’ हाच मेल दिवाळीच्या स्नेहसंमेलनानंतरही चालला असता. मेल पोकळ आहे हे ओळखायला तेवढी खूण पुरे.

त्या रात्रीचं खरं काम कुठे होतं? राज्यातल्या राज्यात माल विकला, तर त्या वेळच्या 28 टक्के दराचे 14 टक्के केंद्राला, 14 राज्याला. परराज्यात विकला, तर सगळा आयजीएसटी. यंत्रणा हे माल कुठे उतरणार त्यावरून ठरवत होती. पण ग्राहक पुण्याचा, बिल त्याच्या नावावर आणि त्याच्या सांगण्यावरून माल थेट साणंदला, असा व्यवहार कायद्याने महाराष्ट्रातलाच धरला जातो. टेस्टिंग करणाऱ्या मुलीने नेमका असाच नमुना चालवून पाहिला आणि चूक पकडली. मग अकाउंट्समधल्या माणसाने अशा ग्राहकांची यादी काढून दिली, प्रोग्रामरने नियम बदलला.

मेलमध्ये हेच यायला हवं, नावानिशी: ‘साणंदच्या बिलांतली चूक तुम्ही शुक्रवारी दुपारी दाखवलीत. ती तशीच गेली असती, तर कर चुकीच्या खात्यात भरला गेला असता. तो योग्य खात्यात पुन्हा भरून आधीच्याचा परतावा मागत बसावं लागलं असतं आणि ग्राहकाने आपलं पेमेंट अडवलं असतं. शनिवारी पहिली गाडी नेहमीच्या वेळी सुटली.’

‘कंपनीचे कोट्यवधी वाचले’ असली वाक्यं मात्र टाळावीत. आकडा द्यायचाच तर आधी अकाउंट्सकडून तपासून घ्यावा, कारण तो आकडा खरा आहे की नाही हे मेल वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना माहीत असतं.

रात्रभर जागलेले लोक सगळ्यांना दिसतात. चूक आधीच पकडल्यामुळे कुणाला जागावंच लागलं नाही, ते काम दिसत नाही. म्हणून मेल लिहिण्याआधी टीम लीडला विचारावं, ‘कुणी नसतं तर अडलं असतं?’ कंत्राटावरची मुलं बहुधा याच उत्तरात सापडतात, आणि मेलच्या यादीत त्यांचे पत्तेच नसतात. तोही मग हाताने घालावा लागतो. घरच्या अडचणी सांभाळून कुणी काम केलं असेल, तर त्या अडचणी त्याला विचारल्याशिवाय शंभर जणांपुढे मांडू नयेत.