ताकद वाढली, पण दंड तेवढाच!

जिमला जाऊन जेमतेम महिना झालेला एक तरुण परवा ओपीडीत आला. "डॉक्टर, पहिल्या दिवशी ५ किलोचं डंबेल दहा वेळा उचलताना हात थरथरायचा. आता साडेसात किलोचं आरामात उचलतो. पण टेपने मोजलं तर दंड होता तेवढाच आहे. प्रोटीन पावडर सुरू करू का?"

दंड न वाढता ताकद दीडपट झाली, ती आली कुठून? मुख्यतः मज्जासंस्थेतून.

दंडाच्या पुढच्या स्नायूत लाखो तंतू असतात. मज्जारज्जूतली एकेक चेतापेशी त्यातल्या शेकडो तंतूंना एकाच वेळी आकुंचनाचा आदेश देते. नवख्या माणसाने कितीही जोर लावला तरी या सगळ्या चेतापेशी पूर्ण कामाला लागत नाहीत आणि त्यांचे आदेशही पुरेशा वेगाने सुटत नाहीत. त्यात दंडाच्या मागचा स्नायूही उगाच ताठरतो. म्हणजे ब्रेक दाबून गाडी चालवण्यासारखंच! काही आठवड्यांच्या सरावाने आदेश जलद आणि भरपूर जाऊ लागतात, ब्रेकही सैल होतो. स्नायू तोच, वापर जास्त.

१९७९ मध्ये मोरितानी आणि डीव्हरीज या संशोधकांनी हे छान दाखवलं. त्यांनी तरुणांकडून आठ आठवडे एकाच हाताचा व्यायाम करून घेतला आणि त्वचेवर इलेक्ट्रोड लावून स्नायूतली विद्युत हालचाल मोजली. सुरुवातीला ताकद वाढली ती मुख्यतः या हालचालीबरोबर. साधारण तीन ते पाच आठवड्यांनंतर स्नायूच्या आकाराचा वाटा मोठा होत गेला. गंमत म्हणजे व्यायाम न केलेल्या हाताचीही ताकद वाढली, आकार मात्र वाढला नाही. एक हात प्लास्टरमध्ये असताना दुसऱ्या हाताचा व्यायाम करून घेतात, त्यामागे हाच आधार आहे.

याचा अर्थ सुरुवातीला स्नायूत काहीच घडत नाही, असा नव्हे. नवी प्रथिनं पहिल्या व्यायामानंतरच बनू लागतात. पण त्यांचा थर टेपला कळेल इतका व्हायला बहुतेकांना दोन-तीन महिने लागतात. पहिल्या आठवड्यात दंड फुगलेला दिसला तर ती बहुधा सूज असते.

मला काळजी वाटते ती वेगळीच. मेंदू महिन्यात शिकतो, पण स्नायू हाडाला जोडणारे कंडरे सावकाश बळकट होतात. उचलता येतं म्हणून दर आठवड्याला वजन वाढवत गेलं, की कोपराच्या किंवा खांद्याच्या एकाच ठरावीक जागी दुखू लागतं. व्यायामानंतर दोन दिवस स्नायूभर ठणकणं वेगळं. बोट ठेवून दाखवता येणारं आणि आठवडाभर न जाणारं दुखणं कंडऱ्याचं असू शकतं.

या तरुणाच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला तसं दुखत होतंच, फक्त त्याने ते सांगितलं नव्हतं. पावडर लिहून दिली नाही. तीन आठवडे पुन्हा ५ किलोवर यायला सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा पडला.