शेवटच्या अंकापासून सुरुवात

समोर शे-दोनशे संख्या टाकल्या आणि लहानापासून मोठ्यापर्यंत लावायला सांगितल्या, तर बहुतेक माणसं आधी सर्वांत डावीकडचा अंक बघतात. पाचशेच्या घरातल्या एकीकडे, चारशेच्या घरातल्या दुसरीकडे. मोठं स्थान आधी, किरकोळ स्थान नंतर. रेडिक्स सॉर्ट नावाची पद्धत नेमकं उलट करते. ती आधी एकक स्थान बघते, मग दशक, मग शतक. त्यातही कुठल्याही दोन संख्या एकमेकींशी ताडून बघत नाही. तरी शेवटची फेरी संपली की यादी बिनचूक लागलेली असते.

ही युक्ती संगणकाच्या आधीची आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथ यांनी भोकं पाडलेली कार्डं मोजणारी यंत्रं पुरवली. पुढे त्याच घराण्यात कार्डं लावून देणारी यंत्रंही आली. आयबीएमचं जे कार्ड पुढे सर्वत्र रूढ झालं त्यावर ८० उभे स्तंभ असत. एका स्तंभात एक भोक म्हणजे एक अंक. वर्गवारीचं यंत्र एका वेळी एकच स्तंभ वाचू शके. त्या स्तंभात ज्या अंकाचं भोक असेल त्या अंकाच्या कप्प्यात कार्ड पडे. मग चालवणारा माणूस शून्याच्या कप्प्यापासून नवाच्या कप्प्यापर्यंत गठ्ठे क्रमाने उचलून एकावर एक रची, यंत्राचा वाचणारा ब्रश एक स्तंभ डावीकडे सरकवी आणि सगळी थप्पी पुन्हा यंत्रात घाली.

उजवीकडून सुरुवात का, याचं उत्तर इथेच मिळतं. डावीकडून सुरुवात केली असती तर पहिल्या फेरीनंतर दहा गठ्ठे झाले असते, आणि ते एकत्र करायची सोय नव्हती. प्रत्येक गठ्ठा वेगळा ठेवून पुन्हा यंत्रातून काढायचा, त्यातून आणखी दहा. तिसऱ्या स्थानापर्यंत येता येता टेबलावर शेकडो गठ्ठे आणि कुठला कुठे ते लक्षात ठेवायची कसरत. उजवीकडून गेलं की प्रत्येक फेरीनंतर थप्पी एकच राहते. आयबीएमचं ८३ क्रमांकाचं यंत्र मिनिटाला १००० कार्डं वाची. म्हणजे दहा हजार कार्डं सहा आकडी खातेक्रमांकानुसार लावायला सहा फेऱ्या, प्रत्येकी दहा मिनिटं. गठ्ठे उचलायचा वेळ सोडला तर तासाभराचं काम. कार्डं आधी कितीही विस्कटलेली असोत, वेळ तेवढाच.

आता आठ संख्या घेऊन हे प्रत्यक्ष करून बघू: ४२७, ९०, ५३१, ५०७, ३८, २३१, ५३०, २७. दोन आकडी संख्यांच्या डावीकडे शून्य आहे असं समजायचं, ९० म्हणजे ०९०.

पहिल्या फेरीत फक्त एकक बघायचं. इथे कार्डांच्या यंत्राची एक अडचण नव्हती, ती संगणकाला होती. यंत्राला दहा खरेखुरे कप्पे होते. संगणकाच्या स्मृतीत दहा कप्पे आखायचे तर प्रत्येक किती मोठा आखायचा? सगळ्याच संख्यांचं एकक ७ निघालं तर सातचा कप्पा अख्ख्या यादीएवढा हवा. कुठला कप्पा भरेल ते आधी ठाऊक नसल्यामुळे दहाही तेवढेच मोठे हवेत. सुरुवातीच्या काळातल्या चिमुकल्या स्मृतीत हे परवडणारं नव्हतं. १९५४ मध्ये एमआयटीतल्या हॅरल्ड सीवर्ड यांनी आपल्या प्रबंधात त्यावर तोडगा मांडला: ठेवण्याआधी मोजा.

आपल्या यादीत एकक स्थानी ० दोनदा येतो, १ दोनदा, ७ तीनदा आणि ८ एकदा. एवढं कळलं की जागा ठरल्या. शून्यवाल्यांना पहिली आणि दुसरी जागा, एकवाल्यांना तिसरी आणि चौथी, सातवाल्यांना पाचवी ते सातवी, आठवाल्याला आठवी. आता मूळ यादी डावीकडून पुन्हा वाचायची आणि प्रत्येक संख्या दुसऱ्या कोऱ्या यादीत तिच्या गटाच्या पुढच्या मोकळ्या जागेवर ठेवायची. ४२७ पाचव्या जागी जाते, ९० पहिल्या, ५३१ तिसऱ्या, ५०७ सहाव्या, आणि असंच पुढे. फेरीअखेर यादी अशी दिसते: ९०, ५३०, ५३१, २३१, ४२७, ५०७, २७, ३८. कप्पे आखावेच लागले नाहीत. एक जादा यादी आणि दहा मोजके आकडे, एवढ्यात भागलं.

दुसरी फेरी दशकाची. ५०७ चं दशक शून्य, तो पहिला. दोनवाले ४२७ आणि २७. तीनवाले चौघे: ५३०, ५३१, २३१, ३८. शेवटी ९०. यादी झाली ५०७, ४२७, २७, ५३०, ५३१, २३१, ३८, ९०. शतकं अजून कशीही आहेत. पण प्रत्येक संख्येचे फक्त शेवटचे दोन अंक वाचा: ०७, २७, २७, ३०, ३१, ३१, ३८, ९०. ते चोख लागलेले आहेत.

तिसऱ्या फेरीत शतक. शून्यवाले २७, ३८, ९०, दोनवाला २३१, चारवाला ४२७, पाचवाले ५०७, ५३०, ५३१. आणि हीच अंतिम यादी.

पाचवाल्यांकडे जरा थांबून बघा. शतकाच्या फेरीने ५०७, ५३० आणि ५३१ यांच्यात काहीही ठरवलं नाही. तिच्या दृष्टीने तिघेही सारखेच. त्यांचा आपसातला क्रम आधीच्या दोन फेऱ्यांनी लावून ठेवला होता आणि या फेरीने तो न मोडता पुढे नेला. सारख्या अंकाच्या संख्या ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने बाहेर पडणं, याला स्थिरता म्हणतात. पद्धतीचा सगळा भार तिच्यावर आहे. कुठलीही फेरी घ्या: ताज्या स्थानावरचे अंक वेगळे असतील तर निकाल तिथेच लागतो, सारखे असतील तर जुना क्रम कायम राहतो. म्हणून तीन फेऱ्यांनंतर शेवटचे तीन अंक लागलेले असतात, चारांनंतर चार.

ही स्थिरता फार सहज बिघडते. समजा, गटाची पहिली जागा धरून पुढे सरकण्याऐवजी कोणी गटाची शेवटची जागा धरून मागे सरकायचं ठरवलं. तेही चालतं, पण मग मूळ यादीही शेवटाकडून वाचायला हवी. ते विसरून यादी सुरुवातीपासूनच वाचली तर प्रत्येक फेरीत प्रत्येक गट उलटा होतो. आपल्या आठ संख्यांवर ही चूक तिन्ही फेऱ्यांत केली तर हाती येतं: ९०, ३८, २७, २३१, ४२७, ५३०, ५३१, ५०७. शतकं कशी नीट रांगेत आहेत, आणि आतली घडी मात्र विस्कटली. चूक ओळखायची खूण हीच. एक आकडी संख्यांवर तपासून समाधान मानणाऱ्याला ती कधीच दिसणार नाही, कारण तिथे दोन सातांमधला फरकच कळत नाही. तपासणीला निदान दोन आकडी संख्या घ्याव्यात आणि दशक सारखं असलेल्या काही मुद्दाम घालाव्यात.

संगणक अर्थातच दहाच्या पायावर अडून बसत नाही. त्याला २५६ चा पाया सोयीचा, कारण एक बाइट म्हणजे एक अंक होतो. ३२ बिटांची संख्या मग फक्त चार 'अंकी' ठरते. पायथनमध्ये एक फेरी अशी लिहिता येते:

```
def pheri(a, shift):
    count = [0] * 256
    for x in a:
        count[(x >> shift) & 255] += 1
    start, total = [0] * 256, 0
    for d in range(256):
        start[d] = total
        total += count[d]
    out = [0] * len(a)
    for x in a:
        d = (x >> shift) & 255
        out[start[d]] = x
        start[d] += 1
    return out
```

`shift` ला क्रमाने ०, ८, १६ आणि २४ देऊन ही फेरी चारदा चालवली की झालं. मधलं छोटं चक्र गटांच्या पहिल्या जागा काढतं. शेवटचं चक्र `a` सुरुवातीपासून वाचतं आणि `start[d]` एकेकाने वाढवतं. स्थिरता या दोन गोष्टींच्या जोडीत आहे, एकट्या कुठल्याच नाही.

फायदा किती? दहा लाख संख्या एकमेकींशी ताडून लावायच्या तर साधारण दोन कोटींच्या आसपास तुलना लागतात, आणि तुलनेवर चालणारी कुठलीही पद्धत यात फारशी काटकसर करू शकत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. रेडिक्स सॉर्ट चार फेऱ्यांत प्रत्येक संख्या दोनदा वाचतं, एकदा मोजायला आणि एकदा ठेवायला. म्हणजे ८० लाख वाचनं. त्यातही काटकसर होते: मोजणी क्रमावर अवलंबून नसल्याने चारही फेऱ्यांची मोजणी एकाच वाचनात उरकता येते. शिवाय एखाद्या स्थानी सगळ्यांचा अंक एकच निघाला तर ती फेरी गाळावी. काही बदलणारच नसतं.

मग पाया आणखी वाढवून ६५,५३६ केला तर दोनच फेऱ्यांत काम व्हायला हवं. हिशेबाने होतंच. पण मोजणीचा तक्ता आता चार बाइटांच्या ६५,५३६ नोंदींचा, म्हणजे २५६ किलोबाइटचा होतो. प्रोसेसरच्या अगदी जवळची झटपट स्मृती अनेक यंत्रांत ३२ किलोबाइटच्या आसपास असते. तक्ता तीत मावत नाही, संख्याही हजारो वेगवेगळ्या ठिकाणी लिहाव्या लागतात, आणि वाचवलेल्या फेऱ्यांचा वेळ वाट बघण्यात जातो. म्हणून २५६ वर थांबणं बहुधा शहाणपणाचं ठरतं.

ऋण संख्यांना या पद्धतीत थेट प्रवेश नाही. संगणक ३२ बिटांत −१ जसा लिहितो, तेच बिट बिनचिन्हाच्या संख्येसारखे वाचले तर ४,२९,४९,६७,२९५ होतात, म्हणजे शक्य तेवढी सर्वांत मोठी संख्या. त्यामुळे सगळ्या ऋण संख्या यादीच्या शेवटी जाऊन बसतात. सर्वांत वरचा बिट आधी उलटवून आणि लावून झाल्यावर परत उलटवून हे टाळता येतं.

खरा खर्च दोन ठिकाणी आहे: यादीएवढीच दुसरी कोरी जागा लागते, आणि संख्या रुंद झाली की फेऱ्या वाढतात. ६४ बिटांना आठ फेऱ्या होतात. यादी पन्नास-शंभर संख्यांचीच असेल तर २५६ नोंदींचा तक्ता पुन्हा पुन्हा कोरा करण्यातच वेळ जातो, तिथे साधी तुलना बरी. पायथनच्या NumPy या ग्रंथालयाने हा हिशेब स्वतःपुरता मिटवला आहे: `kind='stable'` असं सांगून पूर्णांक लावायला दिले, तर १६ किंवा त्याहून कमी बिटांच्या संख्यांना ते रेडिक्स सॉर्ट वापरतं आणि त्याहून रुंद संख्या तुलनेच्या पद्धतीकडे सोपवतं.