परिपाठात भाषण बंद, पोरांची पाळी सुरू : साठ मुलांच्या शाळेचं गणित

देऊळगाव राजा : आम्ही शाळेत होतो तेव्हा परिपाठ म्हणजे गुरुजींचं भाषण. उन्हात उभं राहून पाय दुखायचे, काय सांगितलं ते आज एक अक्षर आठवत नाही. आता बऱ्याच शाळांत सुविचार, प्रश्नमंजुषा, नाटिका असते. पण गावात कुठंही बघा, बोलणारी पोरं तीच चार-पाच. बाकीची नुसती उभी.

यावर उपाय पाळी लावण्याचा आहे. समजा शाळेत ६० मुलं आहेत. दहा-दहाचे सहा गट करायचे. गट वर्गवार नको; प्रत्येक गटात पहिलीचं लेकरूही हवं आणि सातवीचं पोरगंही. सोमवार ते शनिवार रोज एक गट. दहा जणांत एक सूत्रसंचालन करतो, एक सुविचार, एक दिनविशेष, एक बातम्या, दोघं प्रश्न विचारतात आणि चौघं नाटिका करतात. पुढच्या आठवड्यात प्रत्येकाचं काम एक घर पुढं सरकतं. दहा आठवड्यांत लाजाळू पोरगंही प्रत्येक जागी एकदा उभं राहतं.

राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना यांना हात लावायचा नाही. उरलेल्या दहा-बारा मिनिटांचाच हा खेळ आहे.

सुविचार मोबाईलवरून उतरवलेला असला तरी चालेल, पण सांगणाऱ्यानं त्याचा अर्थ आपल्या बोलीत एका वाक्यात सांगायचा. तिथं पोरगं अडखळलं की समजायचं, नुसतं पाठ केलंय.

प्रश्नमंजुषेत खरी चूक होते ती हात वर करायला लावण्यात. हुशार पोरगं लगेच ओरडतं आणि बाकीच्यांचा विचार तिथंच थांबतो. म्हणून आधी प्रश्न, मग मनात दहा अंक मोजायचे, शेजाऱ्याशी कुजबुजू द्यायचं आणि मगच हजेरी क्रमांक पुकारायचा. चार दिवसांनी तोच प्रश्न दुसऱ्याला विचारला की किती मुरलं ते कळतं.

नाटिका तीन मिनिटांची. लिहून पाठ केली की पोरं आवाज हरवतात. प्रसंग तेवढा ठरवून द्यावा. उन्हाळी सुट्टीआधीचा एक प्रसंग सांगतो. बाप घरचं सोयाबीन तसंच पेरायला ठेवतो. पोरगी १०० दाणे मोजते, ओल्या गोणपाटात गुंडाळते, रोज पाणी शिंपडते. आठवडाभरानं उलगडलं तर ५८ च उगवलेले! लगेच प्रश्न : किमान किती उगवायला हवेत? उत्तर ७०. हे ऐकून पोरगं घरी गोणपाट मागणारच.

एवढं झाल्यावर गुरुजींनी तात्पर्य सांगायला उभं राहू नये. नाहीतर परत भाषणच. आणि मुलं गोलात उभी करा. रांगेत मागच्या पहिलीच्या लेकरांना पुढच्यांच्या पाठीच दिसतात.