चार केंद्रकं की आठ?

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्राच्या व्हायव्हात एक प्रश्न हमखास येतो. शौचाच्या नमुन्यात अमिबाची सिस्ट, म्हणजे कवचात बंद झालेली अवस्था, दिसली. ती एन्टामिबा हिस्टोलिटिकाची की एन्टामिबा कोलायची? दोन्ही आपल्या मोठ्या आतड्यात राहतात. हिस्टोलिटिका आतड्याची भिंत पोखरते, रक्ताची आव घडवते, कधी यकृतात गळूही करते. कोलाय नुसतीच राहते, काही बिघडवत नाही. (पाण्याच्या तपासणीत ज्याचं नाव ऐकू येतं तो ई. कोलाय हा जिवाणू वेगळा.)

पाठ केलेलं उत्तर तयार असतं: हिस्टोलिटिकाला चार केंद्रकं, कोलायला आठ. त्यावर परीक्षकाचा पुढचा प्रश्न येतो, "चार दिसली, म्हणजे हिस्टोलिटिकाच का?" इथे बरेच जण अडखळतात.

केंद्रकांची संख्या सिस्टच्या वयावर ठरते. सिस्ट तयार होते तेव्हा तिच्यात एकच केंद्रक असतं. त्याची दोन होतात, दोनाची चार. हिस्टोलिटिकाची सिस्ट इथे थांबते. चार केंद्रकं झाली की ती पक्व. कोलायची सिस्ट आणखी एकदा विभागून आठांवर जाते. म्हणजे कोलायही वाटेत चारांच्या टप्प्यावरून जाते, जरी त्या टप्प्यात ती क्वचितच सापडते. म्हणून चारांपेक्षा जास्त केंद्रकं स्पष्ट दिसली, तर उत्तर कोलाय. पण चार किंवा कमी दिसली, तर नुसत्या मोजणीवर निकाल देता येत नाही.

मोजणीतही चूक होते. सिस्ट गोल असल्याने सगळी केंद्रकं एका पातळीवर नसतात. फाइन फोकस वर-खाली फिरवत मोजलं नाही, तर खालच्या थरातली सुटतात आणि आठांची पाच-सहा किंवा चारच भरतात.

कोवळ्या सिस्टसाठी मग दुसरी खूण कामाला येते: क्रोमॅटॉइड बॉडी. या प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोम कणांच्या घट्ट राशी असतात. हिस्टोलिटिकामध्ये त्या जाड कांडीसारख्या असतात आणि त्यांची टोकं बोथट, गोलसर असतात. कोलायमध्ये त्या काचेच्या किरचांसारख्या, टोकदार दिसतात. पण सिस्ट पक्व होताना त्या विरून जातात. त्यामुळे त्या नसल्या, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. थोडक्यात, वय वाढलं की केंद्रकं बोलतात आणि कोवळेपणी क्रोमॅटॉइड बॉडी.

दोन्ही खुणा एकाच थेंबात नीट दिसत नाहीत. म्हणून एका स्लाइडवर डावीकडे सलाइनच्या आणि उजवीकडे आयोडीनच्या थेंबात नमुना कालवतात. सलाइनमध्ये क्रोमॅटॉइड बॉडी चकाकतात, पण केंद्रकं धूसर राहतात. आयोडीनमध्ये केंद्रकं उठून दिसतात, पण क्रोमॅटॉइड बॉडींना रंग चढत नाही. "आयोडीनमध्ये क्रोमॅटॉइड बॉडी कशा दिसतील?" या प्रश्नातली मेख हीच.

आता एक उदाहरण सोडवू. आयोडीनमध्ये चार केंद्रकं दिसली. पण सिस्टचा व्यास भरला 22 मायक्रॉन. हिस्टोलिटिकाच्या सिस्ट बहुतेक 12 ते 15 मायक्रॉनच्या असतात, 20च्या वर सहसा जात नाहीत. सलाइनच्या थेंबात तशाच सिस्टमध्ये टोकदार किरचा दिसल्या. केंद्रकातला ठिपका मध्यभागी नसून एका बाजूला आहे. हिस्टोलिटिकात तो बारीक आणि बहुधा मधोमध असतो. तीनही खुणा एकाच दिशेला जातात: ही कोलायची अर्धपक्व सिस्ट. त्याच स्लाइडवर आणखी सिस्ट शोधल्या, तर एखादी आठ केंद्रकांची मिळण्याची शक्यता असते, आणि ती मिळाली की शंका उरत नाही.

शेवटचा प्रश्न हुशार विद्यार्थ्यासाठी राखून ठेवलेला असतो. चार केंद्रकं, बोथट कांड्या, 13 मायक्रॉन. सगळं जुळलं, तर हिस्टोलिटिका नक्की का? नाही. एन्टामिबा डिस्पार नावाच्या निरुपद्रवी अमिबाच्या सिस्ट हुबेहूब अशाच दिसतात. 1993 मध्ये डायमंड आणि क्लार्क यांनी या दोघांची स्वतंत्र प्रजाती म्हणून मांडणी केली. त्यांना वेगळं करायला अँटिजेन चाचणी किंवा पीसीआर लागते. म्हणून निव्वळ सिस्ट पाहून दिलेल्या अहवालात दोन्ही नावं जोडून लिहिणं योग्य ठरतं.

तेव्हा शौच तपासणीच्या अहवालात 'एन्टामिबा सिस्ट' एवढंच लिहिलेलं आढळलं, तर कोणती, हे डॉक्टरांना जरूर विचारा. फक्त एन्टामिबा कोलाय असेल, तर तिच्यासाठी औषध घ्यावं लागत नाही.