काटा एक, मोजपट्ट्या अनेक

एसीची सर्व्हिसिंग चालू असताना मेकॅनिक निळ्या गेजचा फोटो काढतो आणि मालकाला पाठवतो: ‘प्रेशर जास्त आहे, गॅस काढावा लागेल.’ फोटोत काटा एकच, पण त्याखाली चार-पाच वर्तुळाकार पट्ट्या आणि प्रत्येकीवर वेगळे आकडे. यातला कोणता आकडा खरा?

काट्याला फक्त दाब कळतो. गेजच्या आत धातूची वळलेली पोकळ नळी असते; फ्रान्सच्या यूजेन बूर्दों यांनी १८४९ साली तिचे पेटंट घेतले. दाब वाढला की नळी किंचित सरळ होऊ पाहते आणि ती हालचाल काट्यापर्यंत पोहोचते. बाकी सगळ्या पट्ट्या म्हणजे त्या एकाच दाबाचे वेगवेगळे अर्थ आहेत.

बाहेरची पट्टी बहुधा पीएसआयची असते आणि तिच्या जोडीला बार किंवा केजी प्रति चौरस सेंटिमीटरची. एककाचे नाव बऱ्याचदा तबकडीच्या मध्याजवळ, त्या पट्टीच्याच रंगात छापलेले असते. नाव फोटोत पुसट आले असेल तर १०० चा आकडा शोधावा. त्याच्या समोर दुसऱ्या पट्टीवर ७ च्या जवळपासची जागा येत असेल, तर १०० हे पीएसआय आहेत. शून्याच्या मागे ३० पर्यंत जाणारे आकडे निर्वाताचे असतात, पाऱ्याच्या इंचांत. त्यांचा पीएसआयशी संबंध जोडू नये.

मग रेघा. समजा १०० आणि १५० या आकड्यांमध्ये चार बारीक रेघा आहेत. चार रेघांनी जागेचे पाच भाग होतात, म्हणून एक भाग १० पीएसआयचा. काटा दुसऱ्या रेघेवर असेल तर दाब १२०. रेघाच मोजून ५० ला चारने भागले, तर तोच काटा १२५ वाटतो. फोटो बाजूने काढला असेल तर आणखी फरक पडतो, कारण काटा तबकडीपासून थोडा वर असतो. कॅमेरा काट्याच्या अगदी समोर हवा.

खरा घोटाळा आतल्या पट्ट्यांवर होतो. त्यांच्यावर आर-२२, आर-१३४ए अशी गॅसची नावे आणि तापमानाचे आकडे असतात. पण गेज तापमान मोजतच नाही. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी जास्त तापमानाला उकळते. तसेच एसीतला द्रव गॅस ठरावीक दाबाला ठरावीक तापमानावर उकळतो. पट्टी तेच उकळण्याचे तापमान दाखवते, तेही फक्त तिच्यावर नाव असलेल्या गॅससाठी.

आता तो १२० चा काटा पाहू. एसी नवा, गॅस आर-३२, पण गेज जुने आणि त्यावर आर-२२ ची पट्टी आहे. ती पट्टी साधारण २१ अंश सेल्सिअस दाखवते. कॉइल गार होण्यासाठी गॅस ५ अंशांच्या आसपास उकळायला हवा, म्हणून प्रेशर फार वाढले असे वाटते. प्रत्यक्षात आर-३२ साठी १२० पीएसआय म्हणजे सुमारे ४ अंश, अगदी नेहमीचे. उलट, आर-२२ च्या सवयीने प्रेशर ६८ वर आणले, तर आर-२२ मध्ये साडेचार अंशांवर उकळण्याऐवजी आर-३२ उणे १० च्या आसपास उकळेल आणि कॉइलवर बर्फ जमू लागेल.

तापमानाच्या पट्टीवरही एकक तपासावे लागते. आर-२२ च्या पट्टीवर ६८ पीएसआयसमोर ४० असेल तर ते फॅरनहाइट, ४ ते ५ च्या मध्ये असेल तर सेल्सिअस.

गॅसचे नाव मात्र बाहेरच्या युनिटवरच्या नेमप्लेटवरूनच घ्यावे. पडताळा हवा असेल तर एसी काही तास बंद ठेवून दाब पाहता येतो. सगळीकडे ३० अंश असेल, तर आर-२२ चा दाब १५८ पीएसआयच्या आसपास राहतो आणि आर-३२ चा २६५ च्या. म्हणूनच २५० ला संपणारे जुने गेज आर-३२ ला लावू नये. गेज आणि होसपाइप त्या दाबाला चालणारे हवेत. या बंद अवस्थेत एक मर्यादाही आहे: आत थोडासा द्रव उरला असेल तरी दाब तोच दिसतो, त्यामुळे गॅस पुरेसा आहे की नाही हे त्यावरून कळत नाही.

इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलला की चालू प्रेशरही बदलते. म्हणून गेजच्या फोटोसोबत नेमप्लेटचा फोटो, एसी चालू होता की बंद, किती वेळापासून आणि बाहेरचे तापमान किती, एवढे मागून घ्यावे. होस काढल्यावर काटा शून्यावर येतो का, याचाही एक फोटो असावा. तो ५ वर अडकत असेल, तर आधीच्या १२० वरही विसंबता येत नाही.